कापलेल्या शब्दांचा हिशेब

एका दूध संघाला आठ मिनिटांची फिल्म हवी आहे. विषय स्वच्छ दूध उत्पादन. बघणारे म्हणजे गावच्या संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ कॅन घेऊन येणारे शेतकरी आणि घरी धार काढणाऱ्या त्यांच्या बायका. संघाच्या पशुवैद्यकीय डॉक्टरांनी रात्री जागून स्क्रिप्ट लिहिली आहे. १,३२० शब्दांची. ती ‘जरा बघून नीट करून द्या’ म्हणून एका फ्रीलान्स लेखकाकडे येते. लेखक परत पाठवतो ती ६०० शब्दांची. मग संघाच्या ऑफिसात पहिला प्रश्न निघतो तो हा, की आपण पैसे लिहिण्याचे देतोय का खोडण्याचे?

उदाहरण मी बेतलेलं आहे, प्रश्न मात्र बेतलेला नाही. प्रशिक्षणाच्या फिल्म, कारखान्यांच्या सुरक्षा फिल्म, सरकारी योजनांचे माहितीपट लिहिणाऱ्या कुणालाही विचारा. नव्या क्लायंटबरोबर हा प्रसंग ठरलेला असतो. क्लायंटचंही चूक म्हणता येत नाही. भाषांतराचे पैसे शब्दावर मोजतात, टायपिंगचे पानावर मोजतात. स्क्रिप्टही कागदावरच येते, तेव्हा तीही वजनावर घ्यावी असं वाटणं साहजिक आहे. त्यामुळे कापलेली स्क्रिप्ट नुसती मेल करून चालत नाही. तिच्यासोबत एक पत्र जावं लागतं, आणि ते पत्र लिहिणं हे स्क्रिप्ट लिहिण्याइतकंच कसबाचं काम आहे. पत्र गचाळ असलं की चांगली स्क्रिप्टही परत येते आणि तिच्यात सगळे खोडलेले शब्द पुन्हा घुसवलेले असतात.

आधी साधं गणित पाहू. मराठी निवेदन शांतपणे, गावाकडच्या माणसाला सहज कळेल अशा गतीने वाचलं तर मिनिटाला साधारण ११० शब्द होतात. बातम्या वाचणारे याहून बरेच भरधाव जातात, पण त्यांना कुणाला गाईच्या सडाला कप कसा लावायचा हे शिकवायचं नसतं. आपल्या भाषेत विभक्ती शब्दालाच चिकटते, ‘संकलन केंद्रावरच्या’ म्हटलं की दोनच शब्द मोजले जातात पण जिभेला काम पाच-सहा शब्दांचं पडतं. इंग्रजी निवेदनाचा दीडशे शब्दांचा हिशेब म्हणूनच मराठीला लावता येत नाही. तर ११०च्या गतीने १,३२० शब्द म्हणजे सरळ बारा मिनिटं झाली. तीही निवेदकाने कुठे श्वास न घेता, मध्ये एकदाही गाय न हंबरता. फिल्म ठरली आहे आठ मिनिटांची.

पण आठ मिनिटं म्हणजे आठ मिनिटांचं बोलणंही नव्हे. सुरुवातीची नावं, शेवटची पाटी, एका भागातून दुसऱ्या भागात जाताना लागणारी उसंत, आणि मुख्य म्हणजे हातांनी करून दाखवायच्या कृती, ज्या चालू असताना कुणी बोलू नये, यात अडीच मिनिटं सहज जातात. उरली साडेपाच. साडेपाचला ११०ने गुणलं की ६०५. म्हणजे ६०० हा आकडा लेखकाच्या आळसातून आलेला नाही, तो संघानेच ठरवलेल्या आठ मिनिटांतून निघालेला आहे. पत्रात हे गणित दोन ओळींत मांडता येतं, आणि माझ्या मते सगळ्या स्पष्टीकरणांत तेच सर्वांत बिनतोड असतं. ‘आजकाल लोकांना लांबलचक आवडत नाही’ या वाक्याने मात्र काहीच सिद्ध होत नाही. ‘स्क्रिप्ट क्रिस्प केली आहे’ हे तर त्याहून वाईट. क्रिस्प म्हणजे नेमकं काय काढलं, असा संशय त्या शब्दानेच उभा राहतो.

गणित पटलं तरी माणसाचं मन भरत नाही. डॉक्टरांना आपलं एकेक वाक्य आठवत असतं आणि ते नव्या कागदावर दिसत नसतं. म्हणून एक तुकडा जवळून बघायला हवा. मूळ स्क्रिप्टमध्ये धार काढण्यापूर्वीची तयारी अशी होती :

‘सर्वप्रथम पशुपालकाने आपले दोन्ही हात साबणाने स्वच्छ धुवावेत. त्यानंतर जनावराची कास व चारही सड कोमट पाण्याने स्वच्छ धुऊन घ्यावेत. धुतल्यानंतर कास व सड स्वच्छ, कोरड्या कापडाने पुसून घ्यावेत. त्यानंतर प्रत्येक सडातील दुधाच्या पहिल्या दोन ते तीन धारा वेगळ्या भांड्यात काढून त्यांची तपासणी करावी. सदर दुधामध्ये गाठी, गुठळ्या अथवा रक्त आढळून आल्यास स्तनदाहाची शक्यता लक्षात घेऊन तातडीने पशुवैद्यकाशी संपर्क साधावा.’

यात एकही गोष्ट चुकीची नाही. छापील पत्रकात हा मजकूर जसाच्या तसा घालता येईल. ५९ शब्द आहेत, वाचायला बत्तीस सेकंद लागतात. आता गोठ्यात कॅमेरा लावून बसा. हात धुणं, कास धुणं, पुसणं, मग चार सडांच्या पहिल्या धारा, हे सगळं कितीही आटोपशीर कापून जोडलं तरी चाळीस सेकंदांच्या खाली येत नाही. निवेदक ‘पशुवैद्यकाशी संपर्क साधावा’ म्हणून मोकळा होतो तेव्हा पडद्यावरची बाई अजून कासच पुसत असते. बोलणं पुढे पळतं, चित्र मागे राहतं, आणि बघणाऱ्याला धड दोन्ही कळत नाही. नव्या स्क्रिप्टमध्ये हाच तुकडा डाव्या-उजव्या रकान्यांत गेला. डावीकडे दृश्यं : साबणाचे हात, कोमट पाण्याची बादली, प्रत्येक गाईसाठी वेगळं कोरडं फडकं, तोंडाला काळं कापड ताणून बांधलेली वाटी. उजवीकडे हात धुण्यापासून कास पुसण्यापर्यंत निवेदन नाही, फक्त पाण्याचा आवाज. वाटी पुढे आली की :

‘पहिल्या दोन-तीन धारा या वाटीत. कापड काळं आहे, कारण पांढऱ्यावर गुठळी दिसत नाही. गुठळी दिसली, रक्त दिसलं, तर हे दूध कॅनमध्ये घालू नका. डॉक्टरांना बोलवा.’

पंचवीस शब्द झाले. पण नीट बघितलं तर माहिती वाढली आहे. काळ्या कापडाचं कारण मूळ मजकुरात नव्हतं, खराब दूध कॅनमध्ये मिसळू नये हेही नव्हतं. आणि गंमत अशी, की या तुकड्याला फिल्मची वेळ पहिल्यापेक्षा जास्त मिळाली, बत्तिसाची चाळीस सेकंदं झाली. कागद आखूड झाला म्हणजे फिल्म आखूड झाली असं नसतं, हे क्लायंटला गणितापेक्षा अशा एका नमुन्यावरून लवकर उमगतं. म्हणून पत्रात एक तरी तुकडा ‘आधी’ आणि ‘आता’ असा शेजारी शेजारी ठेवावा. एकच पुरे. पाच ठेवले तर ते पत्र न राहता बचावाचं निवेदन होतं.

सतत बोलत राहणाऱ्या माहितीपटांची सवय आपल्याकडे मुरलेली आहे. १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन सुरू झालं आणि पुढची कित्येक वर्षं थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी त्यांचे छोटे माहितीपट दाखवले जात. एकच चित्रफीत वेगवेगळ्या भाषांत जायची तर सगळा अर्थ निवेदनात घालणं सोयीचंच होतं. तो भारदस्त आवाज ऐकत जी पिढी मोठी झाली ती आज संस्थांच्या संचालक मंडळांवर आहे. निवेदन थांबलं की त्यांना वाटतं, रेकॉर्डिंग बिघडलं.

आता पत्राकडे येऊ. मी ते असं लिहीन :

‘आदरणीय डॉक्टरसाहेब,

स.न.वि.वि.

स्वच्छ दूध उत्पादनाच्या फिल्मची सुधारित स्क्रिप्ट सोबत पाठवत आहे. आपल्या मूळ मसुद्यात १,३२० शब्द होते, यात ६०० आहेत. एवढा फरक का पडला हे आधी सांगतो.

शेतकऱ्यांना समजेल अशा गतीने मिनिटाला ११० शब्द वाचले जातात. त्या हिशेबाने मूळ निवेदन बारा मिनिटांचं होतं. फिल्म आठ मिनिटांची ठरली आहे आणि त्यातली अडीच मिनिटं कृती दाखवण्यासाठी निवेदनाशिवाय हवी आहेत. उरलेल्या साडेपाच मिनिटांत ६०० शब्द बसतात.

जे ७२० शब्द कमी झाले ते चार ठिकाणी गेले. साधारण ३०० शब्द आता दृश्यांत आहेत. हात धुण्यापासून धार काढण्याच्या पद्धतीपर्यंत जे डोळ्यांना दिसतं ते निवेदनातून काढलं. साधारण १९० शब्द दरपत्रक, फॅट-एसएनएफचे आकडे आणि अनुदानाचे नियम यांचे होते. हे दरवर्षी बदलतात, फिल्म मात्र काही वर्षं चालावी अशी अपेक्षा आहे. म्हणून ते केंद्रावर वाटायच्या पत्रकासाठी वेगळ्या कागदावर काढून सोबत दिले आहेत. १५० शब्द संघाचा इतिहास आणि अध्यक्षांचं मनोगत यांचे होते. त्यांची शेवटची पाटी केली आहे. उरलेले ८० शब्द पुन्हा पुन्हा आलेले होते.

शास्त्रीय माहितीतलं एकही पाऊल गाळलेलं नाही. आपल्या मसुद्यातली सगळी पावलं नव्या स्क्रिप्टमध्ये कुठे आहेत, याची खूण समासात केली आहे. तरीही एखादं राहिलं असं वाटल्यास तेवढं वाक्य कळवावं. ते घालताना दुसरं कोणतं वाक्य काढायचं, हे आपण मिळून ठरवू.

मानधन फिल्मच्या मिनिटांवर ठरलेलं आहे, ते तेवढंच राहील.

आपल्याकडून दोन गोष्टींची मान्यता हवी आहे : निवेदनाच्या शब्दांना आणि दृश्यांच्या क्रमाला. शास्त्रीय बाबींवर आपली आणि बाकी मजकुरावर व्यवस्थापकसाहेबांची सही पुरेशी होईल. येत्या शुक्रवारपर्यंत लेखी उत्तर मिळालं तर सोमवारचं रेकॉर्डिंग ठरल्याप्रमाणे होईल. उशीर झाल्यास रेकॉर्डिंगची तारीख पुढे जाईल. निवेदन रेकॉर्ड झाल्यानंतर शब्द बदलायचे झाले तर निवेदक आणि स्टुडिओ पुन्हा घ्यावा लागतो आणि तो खर्च वेगळा असतो, म्हणून हा आग्रह.

कळावे, आपला’

पत्रात माफी कुठेही नाही. ‘क्षमा असावी, स्क्रिप्ट जरा छोटी झाली’ असं सुरुवातीला लिहिलं की वाचणारा ते खोट म्हणूनच वाचायला घेतो. पण डॉक्टरांच्या कामाला उणं लेखणारा शब्दही नाही. मूळ मसुदा ‘पुस्तकी होता’, ‘बोजड होता’ असं लिहायचा मोह होतो, आणि तो आवरावा लागतो. त्या माणसाने आपली रोजची कामं सांभाळून तो लिहिलेला असतो आणि फिल्ममधली सगळी अक्कल त्याचीच असते.

सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मला विचाराल तर ‘चार ठिकाणी गेले’ हे. खोडलेलं लिहिणं नाहीसं झालं म्हटलं की जीव तुटतो, पण ते पत्रकात गेलं, दृश्यात गेलं म्हटलं की जीव भांड्यात पडतो. अर्थात हे खरं असायला हवं. पत्रकाचा वेगळा कागद सोबत जोडलेला नसेल तर ‘पत्रकात घेऊ’ ही नुसती बोळवण ठरते, आणि डॉक्टर लोकांना बोळवण लगेच ओळखू येते.

मान्यता कुणाची, हा भाग बरेच लेखक मोघम सोडतात. ‘आपला अभिप्राय कळवावा’ लिहिलं की अभिप्राय येतात. सात जणांचे, एकमेकांना छेद देणारे. संचालक म्हणतात इतिहास घ्या, लेखापाल म्हणतात अनुदानाचा नियम घ्या, कुणाच्या मेहुण्याला सुरुवातीला ड्रोनचा शॉट हवा असतो. अभिप्राय आणि मान्यता वेगळ्या. म्हणून कशावर, कुणाची सही, कधीपर्यंत आणि नाही आली तर काय, या चार गोष्टी पत्रात उघड असाव्यात. काही जण ‘शुक्रवारपर्यंत उत्तर न आल्यास मान्यता गृहीत धरू’ असं लिहितात. मोठ्या कंपनीत करारात तसं कलम असेल तर ठीक आहे. सहकारी संस्थेत ते अंगाशी येतं. मीटिंगच झालेली नसते, आणि रेकॉर्डिंग झाल्यावर कुणीतरी म्हणतं, आम्हाला कुणी विचारलंच नाही. त्यापेक्षा तारीख पुढे जाईल असं लिहिलेलं बरं. तारीख पुढे जाण्याची भीती बिल वाढण्याच्या भीतीइतकीच कामाला येते.

रेकॉर्डिंगच्या आधीच मान्यता का, हेही समजून घेण्यासारखं आहे. अशा फिल्ममध्ये बहुतेक वेळा आधी निवेदन रेकॉर्ड होतं आणि एडिटर त्या आवाजाच्या लांबीवर चित्रं बसवतो. एका वाक्यात तीन शब्द वाढले की पुढचे सगळे तुकडे सरकतात. शिवाय निवेदकाचा आवाज महिन्याभराने त्याच पट्टीत लागेलच असं नाही. सर्दी झालेली असली तर मधलंच एक वाक्य परक्या माणसाने बोलल्यासारखं ऐकू येतं. कागदावर तेच तीन शब्द खोडायला खर्च पेनाचा.

आता दुसरी बाजूही बघू, कारण कापणारे कापण्याच्या भरात जास्तही कापतात. ते कसं ओळखायचं? स्क्रिप्ट दोनदा तपासायची. एकदा डोळे मिटून फक्त निवेदन ऐकायचं, आणि एकदा आवाज बंद धरून फक्त दृश्यांचा रकाना वाचायचा. संकलन केंद्रात कॅन आपटत असतात, मशीन चालू असतं, टीव्ही कोपऱ्यात उंचावर टांगलेला असतो. कुणाला आवाज ऐकू येत नाही, कुणाची पाठ टीव्हीकडे असते. हात धुणं फक्त दिसलं तरी चालतं. पण सड बुडवायच्या औषधाचं प्रमाण, खराब दूध बाजूला काढणं, अशा ज्या गोष्टी चुकल्या तर नुकसान होतं त्या बोलायलाही हव्यात आणि पडद्यावर अक्षरांतही हव्यात. तिथे पुनरुक्ती दोष नाही.

आणि कात्री चालते तेव्हा सगळ्यात आधी ‘का’ जातं. काय करा हे राहतं, कशासाठी ते उडतं, कारण कारणांची वाक्यं लांब असतात. उदाहरणार्थ, धार भरभर, एका बैठकीत काढावी असं सांगितलं जातं. कास धुतली, चोळली की गाय पान्हा सोडते. तो ज्या संप्रेरकामुळे सुटतो त्याचा जोर काही मिनिटांतच ओसरतो. मध्येच फोन घ्यायला उठलं तर दूध कासेतच राहतं आणि राहिलेलं दूध दगडीला आमंत्रण देतं. हे कारण ज्याला कळलं तो फोन घ्यायला उठणार नाही. ज्याला नुसतं ‘सहा-सात मिनिटांत धार संपवा’ एवढंच सांगितलं, तो घड्याळ बघून हसेल.

आपल्या उदाहरणातले डॉक्टर नेमके इथेच अडतात. पत्र पटलं, गणित पटलं, पण समासातल्या खुणा तपासताना त्यांना दिसतं, की ‘धार काढल्यावर जनावर अर्धा तास बसू देऊ नये’ हे पाऊल आहे, त्यामागचं कारण मात्र गेलं आहे. ते उत्तरात लिहितात : हे वाक्य माझ्या मसुद्यात लांब होतं हे मान्य, पण त्याशिवाय कुणी ऐकणार नाही. बरोबर आहे त्यांचं. लेखक दोन वाक्यं करून देतो : ‘धार काढल्यावर अर्धा तास सडाचं तोंड उघडं असतं. वैरण टाका, म्हणजे ती बसणार नाही.’ चौदा शब्द, सुमारे आठ सेकंद. ती शेवटच्या आभाराच्या ओळीतून काढली जातात, कारण आभार पाटीवर वाचता येतात.

शुक्रवारी दोन सह्यांचं उत्तर येतं. डॉक्टरांनी ‘शास्त्रीय मजकूर तपासला, योग्य आहे’ असं लिहिलं आहे. खाली व्यवस्थापकांची ओळ : मंजूर. मात्र शेवटच्या पाटीवर अध्यक्षसाहेबांचा फोटो यावा, आणि तो गेल्या वर्षीचा नको.